पाळत भांडवलशाही

माणसे रोज कशी वागतात याच्या नोंदी कच्चा माल म्हणून गोळा करायच्या, त्यांवरून ती पुढे काय करतील याचे अंदाज बांधायचे आणि त्या अंदाजांवर पैसा कमवायचा, या व्यवसायपद्धतीला पाळत भांडवलशाही म्हणतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील अभ्यासक शोशाना झुबॉफ यांनी ही संकल्पना सविस्तर मांडली. सेवा चालवायला लागते तेवढी माहिती घेणे वेगळे. त्यापलीकडची जी वरकड माहिती कंपनी स्वतःसाठी राखते, तिथून पाळत सुरू होते, असे त्यांचे म्हणणे आहे.

‘कंपन्या आपली माहिती विकतात’ असे सर्रास बोलले जाते. मोठ्या प्लॅटफॉर्मचा मुख्य धंदा मात्र तसा नसतो. माहिती ते जपून ठेवतात आणि जाहिरातदाराला विकतात ती संभाव्यता. गूगलने २००२ साली शोध-जाहिरातींच्या लिलावात नुसती बोली न पाहता जाहिरातीवर क्लिक होण्याचे प्रमाणही धरायला सुरुवात केली. समजा, एका जाहिरातदाराने प्रत्येक क्लिकला १० रुपये बोली लावली आणि त्याची जाहिरात शंभरात एकाने उघडली. दुसऱ्याची बोली ६ रुपयेच, पण शंभरात तिघांनी उघडली. शंभर वेळा दाखवल्यावर पहिल्याकडून १० रुपये मिळतात, दुसऱ्याकडून १८. म्हणजे कोण कशावर क्लिक करील हे जितके अचूक ओळखता येईल, तितकी कमाई वाढते. वापरणाऱ्याबद्दलची आणखी एखादी नोंद साठवण्यामागे हाच हिशेब असतो, आणि म्हणून ‘आता पुरे’ असे कंपनीला आपणहून कधी वाटत नाही.

माणूस कुठे असतो ही नोंद यात फार मोलाची. त्यावरून घर, कामाची जागा, दवाखाना, देऊळ सारे कळते. जाहिरात पाहिलेला माणूस पुढे दुकानात गेला का, हेही ताडता येते. या बाबतीत संमतीचे काय होते हे २०१८ साली उघड झाले. गूगल खात्यात ‘लोकेशन हिस्टरी’ नावाची सोय होती. ती बंद केली की तुम्ही जाता ती ठिकाणे यापुढे साठवली जाणार नाहीत, असे कंपनीच्या मदत-पानावर लिहिलेले होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्टमध्ये दाखवून दिले की ती बंद असतानाही नकाशा उघडला, हवामान आपोआप ताजे झाले किंवा ठिकाणाशी काही संबंध नसलेला शोध घेतला, तरी त्या क्षणीचे ठिकाण वेळेसह खात्यात साठत होते. कारण ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ ही दुसरीच सोय मुळातूनच चालू ठेवलेली होती आणि तिच्या नावात ठिकाणाचा उल्लेखही नव्हता. बातमीनंतर मदत-पानावरचे ते वाक्य बदलले गेले.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने २०२१ मध्ये काही ग्राहकांची यात दिशाभूल झाल्याचे ठरवले आणि २०२२ मध्ये ६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील ४० राज्यांशी गूगलने ३९.१५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ज्या सेटिंग्जवर आक्षेप होता ती जुनी असून बदलली आहेत, अशी कंपनीची भूमिका होती.

आपल्या खात्यात काय साठले आहे हे myactivity.google.com वर पाहता येते. एखाद्या शोधाची नोंद उघडून तपशील वाचला की तिच्यासोबत ठिकाण जोडलेले आहे का, ते समजते. या पाहणीला मर्यादाही आहे. तिथे दिसते ती साठवलेली नोंद. तिच्यावरून आपल्याबद्दल काय काय अनुमान काढले गेले, ते सगळे काही दिसत नाही. नोंद पुसली म्हणून आधी काढलेले अनुमानही पुसले गेले, असे धरून चालता येत नाही.

‘वाचून न घेता लोक होकार देतात, दोष त्यांचाच’ हा युक्तिवाद या प्रकरणात टिकत नाही. ज्यांनी मदत-पान नीट वाचले आणि सांगितल्याप्रमाणे बटण बंद केले, नेमकी त्यांचीच फसगत झाली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. ही तरतूद हवीच होती. पण गूगलच्या पानावरचे ते वाक्यही सोपेच होते. सोप्या मराठीत असते तरी ते तितकेच अपुरे ठरले असते. सूचनेची भाषा तपासताना तीच माहिती साठवणारी दुसरी सोय कुठे चालू आहे का, हेही सर्व्हरवरच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावे लागते, आणि ते काम एकट्या ग्राहकाच्या आवाक्यातले नाही. ते नियामकाने अधिकार वापरून करायचे असते.