तीन सेकंदांत किती मराठी मावते?

“मराठी लांबतेच, आवाजाचा वेग थोडा वाढवून टाकू.” एका विज्ञानपटाचं डबिंग चालू असताना हे ऐकलं आणि मनाला लागलं. मराठी खरंच लांबते का, हे मोजून बघता येतं.

इंग्रजी वाक्य होतं, ‘लाइट फ्रॉम द सन टेक्स अबाउट एट मिनिट्स टु रीच द अर्थ’. निवेदकाने ते तीन सेकंदांत म्हटलं होतं. भाषांतर आलं: ‘सूर्यापासून निघालेल्या प्रकाशाला पृथ्वीपर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे आठ मिनिटं लागतात.’ अर्थ बिनचूक, व्याकरण निर्दोष, पण तीन सेकंदांत ते बसत नाही.

इथे शब्द मोजून उपयोग नाही, सिलॅबल मोजायला हवेत. सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती एका दमात निघणारा उच्चाराचा तुकडा. हनुवटीखाली तळहात धरून वाक्य सावकाश म्हणा, साधारणपणे प्रत्येक स्वराला जबडा एकदा खाली येतो. लिहिलेली अक्षरं मोजली तर फसायला होतं: ‘प्रकाश’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना मात्र ‘प्र-काश’ असे दोनच तुकडे, कारण शेवटच्या ‘श’मधला अ आपण उच्चारत नाही. या हिशेबाने इंग्रजी वाक्यात १४ सिलॅबल आहेत आणि मराठीत ३१. तीन सेकंदांत ३१ म्हणजे सेकंदाला दहा. निवेदनाला सेकंदाला पाच-सहा सुखाचे वाटतात. वेग वाढवून हे बसवलं की आधी वाक्यांमधल्या विसाव्याच्या जागा जातात, मग ‘ण्या’, ‘र्यं’ अशी जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. डोळे मिटून ऐकलं की लगेच कळतं.

मग भाषाच लांब आहे का? भाषांचे अभ्यासक फ्रांस्वा पेलेग्रिनो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १७ भाषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जपानी माणूस सेकंदाला आठच्या आसपास सिलॅबल बोलतो, थाई पाचच्या आसपास. पण जपानीचा एक सिलॅबल कमी माहिती वाहतो, थाईचा जास्त. गुणाकार केला की सगळ्या भाषा सेकंदाला सुमारे ३९ बिटच्या जवळपास येतात. (एक बिट म्हणजे ‘हो की नाही’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर.) त्यात मराठी नव्हती, पण अमुक भाषा जगात सर्वांत शास्त्रीय आणि तमुक भाषा विज्ञानाला अपुरी, असे जे संदेश फिरत असतात त्यांना या आकड्यांत काहीच आधार मिळत नाही.

आपल्या वाक्याची लांबी आली ती इंग्रजीचा सांगाडा जपल्यामुळे. ‘फ्रॉम’ एका सिलॅबलचा, तर ‘पासून’ दोनाचा; ‘टु रीच’ दोनाचा, तर ‘पोहोचण्यासाठी’ तब्बल सहाचा. ‘प्रकाशाला वेळ लागतो’ ही रचना धरली की हे सगळे प्रत्यय ओढून आणावेच लागतात. त्याऐवजी प्रकाशालाच कर्ता करा: ‘सूर्याचा प्रकाश आठेक मिनिटांत पृथ्वीवर पोचतो.’ मोजा: सूर्-या-चा, प्र-काश, आ-ठेक, मि-नि-टांत, पृथ्-वी-वर, पोच्-तो. पंधरा! ‘निघालेल्या’ गेलं, कारण ते चित्रात दिसतंच आहे. ‘सुमारे’ मात्र गेलं नाही. खरा वेळ आठ मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास आहे, म्हणून ते गाळणं चूक ठरलं असतं. मराठीने ते ‘आठेक’मधल्या ‘एक’ने भागवलं. इंग्रजीत चार सिलॅबल खाणारा ‘टू अँड अ हाफ’ आपण ‘अडीच’ म्हणून दोनात संपवतो, ‘वन अँड अ हाफ’ला तर ‘दीड’ एकच पुरतो. अशी वाचलेली जागा पुढच्या अवघड शब्दाला देता येते.

आणखी एक गोष्ट साधली. पडद्यावर आधी ‘८’ हा आकडा उमटतो आणि मग पृथ्वी येते. पहिल्या भाषांतरात पृथ्वी आधी आणि आठ शेवटी होते, म्हणजे कान आणि डोळे वेगवेगळ्या ठिकाणी. नव्या वाक्यात दोन्ही जुळले.

सबटायटलमध्ये हेच वाक्य वेगळ्याच कारणाने अडतं. बरीच सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळं सुटं मोजतात. ‘पृथ्वीवर’मध्ये डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मोजणीत मात्र आठ चिन्हं येतात. आपलं पूर्ण वाक्य २० अक्षरांचं, पण पूर्णविराम सोडून मोकळ्या जागांसकट आकडा येतो ४४. रोमन लिपीसाठी ओळीला ४२ची मर्यादा लावलेली असेल तर सॉफ्टवेअर वाक्य लाल रंगात दाखवतं आणि भाषांतरकार पहिला बळी ‘आठेक’मधल्या ‘एक’चा देतो. तो देऊ नये. पडद्यावर ओळ मावते का आणि तीन सेकंदांत ती वाचून नजर पुन्हा चित्राकडे जाते का, एवढंच पाहावं. इथे दोन्ही होतं.