अक्षरक्रमाचे प्रश्न : अनॅग्रॅम-गट आणि दीर्घतम पॅलिंड्रोम

स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची ओळ. तीच चिन्हे वेगळ्या क्रमाने असलेले शब्द एकत्र करणे हा अनॅग्रॅम-गटाचा प्रश्न. दोन्हीकडून सारखा वाचला जाणारा सर्वांत लांब सलग तुकडा शोधणे हा दीर्घतम पॅलिंड्रोमचा. दोन्हींचे रोमन लिपीतले उत्तर पाठ्यपुस्तकांत सहज मिळते. देवनागरीत मात्र 'चिन्ह' कशाला म्हणायचे, इथूनच वाद सुरू होतो.

राम, मरा आणि मार हे तीन शब्द घ्या. संगणकाच्या लेखी तिन्हींत र, म आणि काना अशी तीनच कोडपॉइंटे, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हे, आहेत. ती क्रमाने लावली की तिन्हींची किल्ली, म्हणजे गट ओळखण्याची खूण, 'मरा' येते आणि तिन्ही एका गटात पडतात. मराठी वाचकाला हे पटत नाही. त्याच्या लेखी 'राम' म्हणजे रा आणि म, 'मरा' म्हणजे म आणि रा. 'मार'मध्ये मात्र मा आणि र आहेत, म्हणून तो गटाबाहेर. किल्ली अक्षरांवरून काढली की हा भेद टिकतो :

```
import regex

def key(s):
    return tuple(sorted(regex.findall(r'\X', s)))
```

किल्लीची दुसरी पद्धत म्हणजे क्रम न लावता प्रत्येक चिन्ह किती वेळा आले ते मोजणे. इंग्रजीसाठी 26 खणांची यादी पुरते आणि लांब शब्दांत ती क्रम लावण्यापेक्षा स्वस्त पडते. देवनागरीच्या मूळ संचाला 128 खण पुरतील. पण अक्षरे मोजायची तर जोडाक्षरे आणि मात्रा मिळून खणांची संख्या आधी ठरवताच येत नाही. शब्द आठ-दहा अक्षरांचे असताना क्रम लावण्याचा खर्चही नगण्य असतो. म्हणून मराठीसाठी क्रम लावलेली किल्ली अधिक सोयीची दिसते.

इंदूरसारख्या शहरात आणखी एक अडचण येते. मराठी माणूस 'राजवाडा' लिहितो, तर हिंदी पाटीवर 'राजवाड़ा' असतो. हिंदी रूपातला ड़ एकाच कोडपॉइंटने (U+095C) लिहिता येतो किंवा ड आणि नुक्ता अशा जोडीने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथॉनमधले `len` एकदा 7 सांगते आणि एकदा 8. एकसारखे दिसणारे शब्द वेगळ्या गटांत पडले, तर पहिला संशय इथेच घ्यावा. युनिकोडच्या NFC सामान्यीकरणाने, म्हणजे एकच चिन्ह लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती एका ठरावीक रूपात आणण्याने, दोन्ही रूपे जोडीच्या स्वरूपात येतात. मराठी आणि हिंदी रूप एकच मानायचे असेल तर त्यानंतर नुक्ता काढावा लागतो. तो निर्णय मात्र यादी करणाऱ्याचा.

पॅलिंड्रोमसाठी सर्वांत सोपी रीत मध्यापासून विस्ताराची. प्रत्येक चिन्हावर आणि दोन चिन्हांमधल्या प्रत्येक फटीत मध्य मानायचा आणि दोन्ही बाजू जुळतील तोवर पसरत जायचे. 'चिमा काय कामाची' हे वाक्य जागा काढून तपासू. कोडपॉइंटांत 'य'च्या डावीकडे काना आहे आणि उजवीकडे क, त्यामुळे विस्तार तिथेच थांबतो; सर्वांत लांब तुकडा तीनच चिन्हांचा निघतो, आणि तोही सुट्या कान्याने सुरू होणारा 'ाका'. अक्षरांवर चालवले तर 'माकायकामा' असा पाच अक्षरांचा तुकडा मिळतो. चि आणि ची यांत वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेद असल्याने विस्तार पुढे जात नाही. घरोघरी सातही अक्षरे धरली जातात, कारण कान हा भेद सोडून देतो. 'रामाला भाला मारा' अक्षरांत सातही जुळते, तर कोडपॉइंटांत शेवटचा काना सुटून 'रामालाभालामार' उरते. संस्कृत चित्रकाव्यात, उदाहरणार्थ शिशुपालवधाच्या 19व्या सर्गात, उलट वाचूनही तसेच राहणाऱ्या गतप्रत्यागत श्लोकांचे एककही अक्षरच आहे.

लांबी n असता विस्ताराला वाईटात वाईट n² च्या प्रमाणात काम पडते. हजार सारखी चिन्हे असतील तर सुमारे 5 लाख तुलना होतात. प्रत्येक तुकडा पॅलिंड्रोम आहे की नाही हे तक्त्यात भरत जाण्याच्या पद्धतीला कामही तेवढ्याच प्रमाणात, शिवाय 10 लाख खणांची जागा. ती शिकवण्यापुरती बरी. रेषीय वेळेची, म्हणजे n च्याच प्रमाणात काम लागणारी, पद्धत मॅनॅकरच्या नावाने ओळखली जाते. सापडलेल्या मोठ्या पॅलिंड्रोमच्या डाव्या अर्ध्यातली माहिती ती उजव्या अर्ध्यात आरशासारखी वापरते. हे नाव थोडे सैल आहे. ग्लेन मॅनॅकर यांचा 1975 चा लेख स्ट्रिंगच्या आरंभी असलेला सर्वांत लहान पॅलिंड्रोम शोधण्याबद्दल होता. त्याच रीतीने सर्व मध्यांवरचे कमाल पॅलिंड्रोम निघतात, हे अपोस्टोलिको, ब्रेस्लाउअर आणि गालिल यांनी 1995 मध्ये स्पष्टपणे नोंदवले. ट्यूरिंग यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या सैद्धांतिक नमुन्यावर, पॅलिंड्रोम ओळखण्याचे स्लिसेंको यांचे काम 1973 चे, म्हणजे आधीचे आहे. पण त्याचा प्रश्न वेगळा होता, म्हणून अग्रक्रमाचा दावा तिथवर ताणू नये असे वाटते.

साध्या मराठी वाक्यात विस्तार बहुधा एक-दोन पावलांतच थांबतो, म्हणून तिथे मॅनॅकरचा फायदा जाणवत नाही. अक्षरे तोडण्याची पायरी मात्र जपून तपासावी. जुन्या युनिकोड नियमांनुसार वरच्या कोडमधले अक्षरे तोडणारे `\X` 'श्री'चे श् आणि री असे दोन तुकडे करते; जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. आपण वापरतो ती कोड-लायब्ररी कोणत्या नियमावर चालते हे कळण्यासाठी 'श्री' हा एक शब्द देऊन पाहणे पुरते.