अप्रूव्हल प्रॉम्प्टचा भडिमार

आपण कुठंच लॉगिन करत नसताना फोनवर 'साइन इन तुम्हीच करताय का?' असं विचारणारी नोटिफिकेशन एकामागून एक येत राहते, त्याला अप्रूव्हल प्रॉम्प्टचा भडिमार म्हणतात. हा फोनचा बिघाड नव्हे. बहुतेक ठिकाणी पासवर्ड बरोबर पडल्यावरच हा प्रश्न येतो, म्हणजे आपला पासवर्ड आधीच कुणाच्या तरी हातात गेलाय आणि आता त्याला फक्त आपलं एक बोट हवंय. (काही सेवा पासवर्डशिवाय, नुसत्या नंबरवर किंवा ईमेलवरही विचारतात, पण उत्तर तिथंही 'नाही' हेच.)

समजा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीचा अकाउंटंट आहे. रात्री दीडला फोन वाजतो, तो 'नाही' दाबतो, मिनिटभरात परत वाजतो, असं पंधरा-वीस वेळा होतं, शेजारी पोरगं उठून रडायला लागतं, आणि वैतागून तो एकदा 'होय' दाबतो. फोन लगेच गप्प होतो, आणि त्याला वाटतं सुटलो एकदाचे. पण समोरचा आत शिरला म्हणून तो गप्प झालाय. आता चोराच्या कॉम्प्युटरवर मेल उघडलाय, त्यानं स्वतःचा फोन त्या खात्याला जोडून घेतला की पुढचं अप्रूव्हल तो स्वतःच देतो, मग 'बिल' शब्द असलेले मेल गुपचूप स्वतःकडं वळवतो आणि पार्टीला कळवतो की आमचा बँक खाते नंबर बदललाय. पैसे आले नाहीत म्हणून पार्टीला फोन करेपर्यंत कुणाला पत्ताच नसतो.

सप्टेंबर 2022 मध्ये उबर कंपनीत असंच झालं. कंत्राटावरच्या एका माणसाला अशा रिक्वेस्ट वारंवार आल्या, आधी त्यानं त्या अडवल्या, शेवटी एक स्वीकारली आणि हल्लेखोर कंपनीच्या आतल्या सिस्टिमपर्यंत पोचला.

नुसतं 'नाही' दाबत राहिल्यानं भडिमार थांबेलच असं नाही, कारण पासवर्ड चोराकडं तसाच आहे. फोन सायलेंट करायचा, ॲप किंवा साइट स्वतः उघडून (मेसेजमधल्या लिंकवरून अजिबात नाही) पासवर्ड बदलायचा, म्हणजे त्याची पहिली पायरीच तुटते. तोच पासवर्ड दुसरीकडं वापरला असेल तर तिथंही बदलायचा, आणि ऑफिसचं खातं असेल तर आयटीवाल्यांना त्याच रात्री सांगायचं.

चुकून 'होय' दाबलं गेलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करायचं, खात्याला जोडलेले अनोळखी फोन आणि रिकव्हरी नंबर काढायचे, मेल फॉरवर्डिंगचे नियम तपासायचे.

आता काही ॲप नुसतं 'होय' न विचारता लॉगिनच्या स्क्रीनवर दिसणारा दोन आकडी नंबर फोनवर टाकायला लावतात, मायक्रोसॉफ्टनं आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये 2023 पासून हे सक्तीचं केलं. झोपेत बोट लागून घात होण्याचं यात टळतं, कारण तो नंबर चोराच्या स्क्रीनवर असतो. म्हणून मग चोर फोन करतो, 'साहेब, हेड ऑफिसच्या आयटीतून बोलतोय, तुमचे मेसेज थांबवतो, तेवढा 47 टाका.'