ना नफा ना तोटा विश्लेषण

ना नफा ना तोटा विश्लेषण ही परिव्यय लेखाशास्त्रातील, खर्च, विक्री आणि नफा यांचा संबंध मांडणारी पद्धत आहे. कच्चा माल, थेट मजुरी यांसारखे बदलते खर्च उत्पादनाबरोबर कमीजास्त होतात, तर जागेचे भाडे किंवा व्यवस्थापकाचा पगार यांसारखे स्थिर खर्च ठरावीक उत्पादनमर्यादेपर्यंत तेवढेच राहतात. विक्रीतून बदलता खर्च वजा केल्यावर उरणारे अंशदान आधी स्थिर खर्च भरून काढते. तो जेथे पुरता भरून निघतो तो ना नफा ना तोटा बिंदू होय. प्रत्यक्ष विक्री या बिंदूच्या जितकी पुढे असते, तितकी सुरक्षितता सीमा.

परीक्षेत बहुधा खर्चाची विभागणी न देता दोन वर्षांचे आकडे दिले जातात. समजा, पहिल्या वर्षी ८,००,००० रुपयांच्या विक्रीवर ५०,००० रुपये आणि दुसऱ्या वर्षी १०,००,००० रुपयांच्या विक्रीवर १,००,००० रुपये नफा झाला. स्थिर खर्च बदललेला नसल्यामुळे नफ्यातील ५०,००० रुपयांची वाढ ही वाढीव २,००,००० रुपयांच्या विक्रीचे अंशदानच आहे. म्हणून अंशदानाचे विक्रीशी प्रमाण, म्हणजेच पी/व्ही गुणोत्तर, २५ टक्के येते. दुसऱ्या वर्षीच्या २,५०,००० रुपयांच्या अंशदानातून नफा वजा करता स्थिर खर्च १,५०,००० रुपये, त्याला २५ टक्क्यांनी भागले की बिंदू ६,००,००० रुपये आणि सुरक्षितता सीमा ४,००,००० रुपये, म्हणजे विक्रीच्या ४० टक्के, मिळते. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरूनही स्थिर खर्च तेवढाच येतो. पण या पडताळ्याने केवळ आकडेमोडीची चूक सापडते. दुसऱ्या वर्षी भाडे किंवा विक्रीकिंमत बदललेली असली, तरी दोन वर्षांचा मेळ बसतोच आणि गुणोत्तर मात्र चुकीचे निघते. ते उघडकीस येण्यासाठी तिसऱ्या वर्षाचे आकडे लागतात.

ही ४० टक्के सीमा नगांची विक्री घटण्यापासून संरक्षण देते, किंमत घटण्यापासून तेवढे देत नाही, आणि हाच भेद उत्तरपत्रिकांत सर्वाधिक निसटतो. विक्रीकिंमत १० टक्क्यांनी उतरली, तर १०० रुपयांच्या वस्तूचे ९० रुपये येतात. बदलता खर्च मात्र ७५ रुपयेच राहतो. अंशदान २५ रुपयांवरून १५ रुपयांवर, म्हणजे नव्या किमतीच्या एकषष्ठांशावर येते आणि बिंदू ९,००,००० रुपयांवर चढतो. तेवढेच नग विकून विक्रीही नेमकी ९,००,००० रुपयेच होत असल्याने संपूर्ण नफा नाहीसा होतो. बदलता खर्च नव्या किमतीच्याही ७५ टक्केच धरून बिंदू ६,००,००० रुपयांवरच ठेवणे ही येथली नेहमीची चूक आहे.

एकाहून अधिक वस्तू विकणाऱ्या उद्योगात हे गुणोत्तर त्यांच्या विक्रीच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते. ते प्रमाण बदलले की बिंदू पुन्हा काढावा लागतो.