सीआरपी आणि ईएसआर

शरीरात कुठेतरी दाह चालू आहे का, एवढंच सांगणाऱ्या या दोन रक्ततपासण्या. तो दाह गुडघ्यात आहे की फुप्फुसात, जंतूंमुळे आहे की संधिवातामुळे, हे दोन्हींपैकी एकीलाही कळत नाही. कोकणात पावसाळी तापाच्या रिपोर्टात हे दोन आकडे बऱ्याचदा एकत्र येतात. गोंधळ उडतो तो एक खाली उतरलेला आणि दुसरा चढलेला दिसला की.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून हे नाव. इंटरल्युकिन-६ या रसायनाचा निरोप मिळाला की यकृत ते बनवू लागतं. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत पातळी चढू लागते आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. दाह ओसरला की उतरायलाही ते तितकंच चपळ असतं, कारण रक्तातलं निम्मं सीआरपी सुमारे १९ तासांत नाहीसं होतं.

ईएसआर म्हणजे एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट, लाल पेशी खाली बसण्याचा वेग. त्यात मात्र कुठलाही पदार्थ मोजत नाहीत. वेस्टरग्रेन पद्धतीत चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट मिसळून ते उभ्या काचेच्या नळीत भरतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचतात. दाहात रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं, त्याने पेशी रुपयांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि या जड चळती झपाट्याने खाली जातात. फायब्रिनोजेन रक्तातून सावकाश कमी होतं, म्हणून ताप गेल्यावरही ईएसआर कित्येक दिवस, कधी आठवडे, चढलेला राहतो.

एक कल्पित पण नेहमीच्या वळणाचं उदाहरण घेऊ. कुडाळजवळच्या गावात लावणीचे दिवस. ५२ वर्षांच्या बाईंना थंडी भरून ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. पहिल्या दिवशी सीआरपी लिटरला १३२ मिलिग्रॅम, ईएसआर ४४. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा, संशय धरून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सीआरपी ५८, आठव्या दिवशी ८. ताप गेला, बाई पेज जेवू लागल्या. पण आठव्या दिवशी ईएसआर ७८! सुनेने रिपोर्ट पुढे करून विचारलं, “इन्फेक्शन वाढलं की काय, डॉक्टर?”

वाढलं नव्हतं. ५२ वर्षांच्या बाईसाठी ईएसआरची ढोबळ मर्यादा वयात दहा मिळवून निम्मे केले की निघते, म्हणजे ३१ (पुरुषांसाठी वयाच्या निम्मे). त्यात बाईंचं हिमोग्लोबिन ८.४. रक्तात पेशी विरळ असल्या की एकमेकींचा अडथळा कमी होतो आणि त्या लवकर बसतात. म्हणजे इथे ॲनिमिया आणि मागे राहिलेलं फायब्रिनोजेन मिळून ७८ करत होते. औषध लागू पडतंय की नाही हे सीआरपीनेच सांगितलं होतं. अशा वेळी ईएसआर पुन्हा पुन्हा करून घेणं म्हणजे घरच्यांची झोप उडवणं. उपचार मात्र लक्षणं पाहूनच ठरतात. लेप्टोची वेगळी चाचणी असते, सीआरपी तिची जागा घेत नाही.

ईएसआरची नळी जरा कलली तरी पेशी काचेच्या भिंतीवरून घसरत भराभर उतरतात. तीन अंशांच्या कलानेही आकडा बराच फुगतो. उकाड्यानेही तो वाढतो, आणि वैशाखातल्या बंद खोलीत हे सहज घडतं. उलट, सकाळी गावात घेतलेला नमुना संध्याकाळी शहरातल्या लॅबला पोचला तर आकडा खोटा कमी येतो, कारण ठेवलेल्या रक्तातल्या पेशी गोलसर होतात आणि त्यांची चळत नीट लागत नाही.

सीआरपीचेही सापळे आहेत. छोट्या लॅबमध्ये काचपट्टीवर लॅटेक्सची चाचणी होते, गुठळ्या धरल्या की रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’. सीआरपी फारच जास्त असेल तर तिथे गुठळ्या धरतच नाहीत आणि अत्यवस्थ माणसाचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. नमुना पातळ करून पुन्हा लावला की खरं दिसतं. यकृत निकामी असेल तर सीआरपी बनतच नाही, आणि संधिवातासाठी टोसिलिझुमॅब हे इंटरल्युकिन-६चा निरोप अडवणारं औषध घेणाऱ्यांत ते दबलेलं राहतं, आत जंतुसंसर्ग पेटलेला असला तरी. ल्युपस या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणाऱ्या आजारात बहुधा ईएसआर चढतो आणि सीआरपी जवळपास जागच्या जागी राहतं. अशा रुग्णात सीआरपी एकदम उसळलं तर डॉक्टर आधी जंतुसंसर्ग शोधतात.

दोन लॅबचे सीआरपी ताडताना एककही बघावं. एकीकडे आकडा लिटरमागे असतो, दुसरीकडे डेसिलिटरमागे. १३२ आणि १३.२ हे एकाच रक्ताचे रिपोर्ट असू शकतात.