नाटकाच्या पोस्टमधील गणिताची अक्षरे

गोव्यात नाटकाच्या प्रयोगांची किंवा जत्रेतील कार्यक्रमांची निमंत्रणे आता बहुधा मोबाइलवरच येतात. मजकूर मराठीत असतो, पण वरचे ठळक शीर्षक, वेळ आणि गावाचे नाव पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत, जाड, तिरप्या किंवा गोलात बसवलेल्या वळणाने लिहिलेले असते. ही अक्षरे तयार करून देणारी संकेतस्थळे आणि अ‍ॅप त्यांना ‘स्टायलिश फॉन्ट’ म्हणतात. फॉन्टशी त्यांचा काहीही संबंध नाही, आणि एखाद्याच्या मोबाइलवर त्याच शीर्षकाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसते, त्याचे मूळ या गैरसमजातच आहे.

संगणक अक्षर साठवतो तेव्हा त्याचा आकार साठवत नाही, एक क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत साध्या `F` चा क्रमांक U+0046 आहे आणि आपल्या ‘फ’ चा U+092B. त्या क्रमांकाला कोणता आकार द्यायचा हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट बदलणे म्हणजे त्याच नटाची वेशभूषा बदलणे होय. स्टायलिश शीर्षकात मात्र नटच बदललेला असतो. जाड दिसणाऱ्या `𝐅` चा क्रमांक U+1D405 आहे. संगणकाच्या दृष्टीने तो इंग्रजी शब्दातला एफ नसून गणितातले एक चिन्ह आहे.

गणिताला स्वतंत्र अक्षरे लागण्याचे कारण रास्त आहे. जाड, तिरपा आणि लपेटदार एच ही एकाच समीकरणात तीन निरनिराळ्या राशींची नावे असू शकतात; भौतिकशास्त्रात हॅमिल्टोनियन लपेटदार एचने दाखवतात, तर चुंबकीय क्षेत्र साध्या किंवा जाड एचने. साध्या मजकुरात हा भेद पुसला गेला तर समीकरणच चुकते. म्हणून 2001 मध्ये युनिकोडच्या 3.1 या आवृत्तीत U+1D400 ते U+1D7FF असा 1024 जागांचा पट्टा गणितासाठी राखून ठेवण्यात आला. जाड, तिरपी, लपेटदार, जर्मन वळणाची, दुहेरी रेघेची अशी वर्णमालेची अनेक रूपे त्यात ओळीने मांडलेली आहेत. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की ही चिन्हे एकापुढे एक ठेवली की त्यांतून शब्द वाचता येतो, आणि समीकरणांसाठी केलेली सोय निमंत्रणांत शिरली.

या पट्ट्यात एक गंमत आहे. तिरप्या लहान अक्षरांची रांग U+1D44E पासून सुरू होते, त्यामुळे हिशेबाने आठवे अक्षर, म्हणजे एच, U+1D455 वर यायला हवे; पण ती जागा कायमची रिकामी आहे. तिरपा एच हे प्लांक स्थिरांकाचे चिन्ह म्हणून U+210E वर आधीच नोंदलेले होते आणि एकाच चिन्हाला दोन क्रमांक द्यायचे नव्हते. जे अ‍ॅप नुसती बेरीज करून तिरपी अक्षरे बनवते ते `Shigmo` लिहिताना एचच्या जागी ही रिकामी जागा टाकते, आणि मग सगळा शिगमो नीट दिसत असताना मधले एकच अक्षर चौकट होऊन बसते. असे दिसले तर दोष मोबाइलचा नसतो.

इतर वेळी मात्र चौकट दिसते ती त्या मोबाइलमधल्या फॉन्टांकडे त्या क्रमांकाचा आकार नसतो म्हणून. त्याहून मोठी गैरसोय दृष्टिहीन वाचकांची होते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली अशा शीर्षकावर आली की ‘मॅथमॅटिकल बोल्ड कॅपिटल एफ’ असे एकेका अक्षराचे नाव उच्चारू लागते किंवा शब्द गाळून पुढे जाते. अशा मजकुरामुळे मोबाइलमध्ये व्हायरस शिरतो ही समजूत खोटी आहे आणि त्यामुळे पोस्टची ‘रीच’ वाढते हा अ‍ॅपवाल्यांचा दावाही निराधार आहे. खरे एवढेच की शब्द पाहून संदेश अडवणाऱ्या गाळण्यांना चकवण्यासाठी फसवे लोक हीच अक्षरे वापरतात, त्यामुळे अशा पंगतीत आपले निमंत्रण बसवण्यात शहाणपण नाही.

आता अशी एक पोस्ट साधी करून पाहू. उदाहरणासाठी मी रचलेली ही फोंड्याच्या प्रयोगाची दोन ओळींची जाहिरात आहे.

```
꧁ 𝐅𝐑𝐄𝐄 𝐄𝐍𝐓𝐑𝐘 ꧂
Ⓟⓞⓝⓓⓐ · 𝟕:𝟑𝟎 · ᴍᴀɴᴅɪʀ
```

युनिकोडमध्ये अशा पुष्कळ चिन्हांच्या नोंदीत ‘हे मूळचे अमुक अक्षर’ असा दुवा दिलेला असतो. तो दुवा धरून मजकूर मूळ अक्षरांवर आणण्याच्या ठरलेल्या रीतीला NFKC म्हणतात. पायथन या संगणकभाषेत `import unicodedata` केल्यावर तिच्यासाठी `unicodedata.normalize("NFKC", s)` एवढी एक ओळ पुरते. ती चालवल्यावर आपली पोस्ट अशी होते.

```
꧁ FREE ENTRY ꧂
Ponda · 7:30 · ᴍᴀɴᴅɪʀ
```

जाड अक्षरे, गोलातली अक्षरे आणि गणिती आकडे साधे झाले. दोन्ही कडांची नक्षी मात्र तशीच राहिली, कारण ती जावानीज लिपीतली स्वतंत्र चिन्हे आहेत आणि त्यांचे साधे रूप असे काही नाही. ती हाताने काढून टाकायची. ‘मंदिर’ या शब्दाची बुटकी अक्षरेही शाबूत राहिली. ती वेगवेगळ्या गरजांसाठी, मुख्यतः उच्चार लिहून दाखवण्यासाठी, युनिकोडमध्ये आली आणि त्यांच्या नोंदीत साध्या अक्षराचा दुवा नाही. पांढऱ्या गोलातले अक्षर उलगडते, पण काळ्या भरीव गोलातले उलगडत नाही, हेही याच कारणाने. युनिकोड एकदा केलेली अशी नोंद मागाहून बदलत नाही, म्हणून पुढच्या आवृत्तीची वाट पाहण्यात अर्थ नाही. या उरलेल्या अक्षरांसाठी स्वतःची यादी करावी लागते.

```python
s = s.translate(str.maketrans("ᴍᴀɴᴅɪʀ", "MANDIR"))
```

इथवर आलेला माणूस सहसा NFKC साऱ्या मजकुरावर सरसकट चालवून मोकळा होतो, आणि तिथे घात होतो. ही रीत नक्षी आणि अर्थ यांत भेद करत नाही. घाताचा आकडाही तिच्या लेखी सजवलेला आकडाच असतो, म्हणून `10⁵` चे `105` होते आणि पाण्याच्या नमुन्यातील एक लाख जिवाणू एकशे पाच होऊन बसतात. `120 m²` चे `120 m2` होते. यावर उपाय असा की प्रत्येक अक्षराचा क्रमांक पाहावा आणि तो गणिती पट्ट्यातला, गोलातल्या अक्षरांचा (U+24B6 ते U+24E9) किंवा रुंद अक्षरांचा (U+FF01 ते U+FF5E) असेल तरच ते उलगडावे. `ℎ`, `ℬ`, `ℝ` अशी जी थोडी अक्षरे गणिती पट्ट्याबाहेर आधीपासून होती, ती एकेक करून यादीत घालावीत.

संशयित अक्षर ओळखण्यासाठी `print(ascii(s))` ही आज्ञा पुरते. साधी इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी छापली जातात आणि जाड एफच्या जागी `\U0001d405` दिसते. संगणकभाषेच्या वाटेला जायचे नसेल तर मजकूर एखाद्या लेखन-प्रणालीत डकवून त्याचा फॉन्ट बदलावा आणि ठळकपणाची कळ काढून टाकावी. एवढे करूनही अक्षर जाडच राहिले तर ते गणिताचे आहे.

अक्षराखाली रेघ मारण्यासाठी किंवा त्याला मधोमध खोडण्यासाठी प्रत्येक अक्षरामागे एक जोड देण्याचाही प्रकार आहे. अधोरेघेचा क्रमांक U+0332 आणि खोडरेघेचा U+0336. NFKC ती काढत नाही. त्यासाठी इंग्रजी मार्गदर्शनात सर्रास सांगितला जाणारा तोडगा म्हणजे `Mn` या गटातली, म्हणजे स्वतः जागा न व्यापता अक्षराच्या वरखाली बसणारी, सर्व चिन्हे उडवणे. हा तोडगा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून सुचलेला आहे. देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच गटात मोडतात, तर काना, दोन्ही वेलांट्या आणि ओकार जागा व्यापतात म्हणून दुसऱ्या गटात, `Mc` मध्ये, असतात. परिणामी पणजी, मडगाव, डिचोली आणि काणकोण यांना धक्का लागत नाही, आणि त्यांच्यावर चाचणी घेणाऱ्याला सारे ठीक वाटते. पण फोंड्याचे ‘फोडा’ होते, म्हापशाचे नाव ‘महापसा’ होते, पेडण्याचे ‘पडण’ आणि सांग्याचे ‘साग’. अशी चूक दिसायला तुरळक असते, म्हणून ती बरेच दिवस कोणाच्या नजरेस येत नाही.

त्याऐवजी उडवायची चिन्हे U+0300 ते U+036F एवढ्याच पट्ट्यातली ठेवावीत. अधोरेघ आणि खोडरेघ दोन्ही त्यात येतात आणि देवनागरीचे एकही चिन्ह येत नाही. गोव्यात मात्र एक काळजी अधिक घ्यावी लागते. पोर्तुगीज वळणाच्या आडनावांत `ã` आणि `ç` ही अक्षरे असतात आणि ती कधी एका क्रमांकाची, तर कधी साधे अक्षर अधिक वरखालचे चिन्ह अशी सुटी येतात. सुट्या रूपातले चिन्ह याच पट्ट्यातले असल्याने तेही उडते. म्हणून आधी साऱ्या मजकुरावर NFC चालवून ती जोडून घ्यावीत. NFC सुटी अक्षरे जोडते, पण घाताच्या आकड्याला हात लावत नाही.

शेवटचा अडथळा न दिसणाऱ्या चिन्हांचा आहे. सजवलेल्या मजकुरात शून्य रुंदीची चिन्हे पेरलेली असतात आणि ती सरसकट पुसण्याचा मोह होतो. मराठीत ‘दऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टंकला जातो. एका रीतीत U+0931 हा स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे U+200D हे न दिसणारे जोडचिन्ह असते. ते जोडचिन्ह पुसले की अर्ध्या र चा रफार होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून U+200B हे चिन्ह मराठी मजकुरातून खुशाल काढावे, पण U+200D काढण्यापूर्वी त्याच्या आधी काय आहे ते पाहावे. आधी हलन्त असेल तर ते मराठीचे आहे आणि राहू द्यावे. दोन इमोजींच्या मध्ये असेल तर तेही ठेवावे, कारण कुटुंबाचे एकत्र चित्र त्याच्यामुळेच जुळलेले असते आणि ते काढले की त्यातली माणसे सुटी होऊन शेजारी शेजारी उभी राहतात.