साफ करायचं की सुधारायचं? मेणखडूचं चित्र डिजिटल करताना

"दादा, नातीचं चित्र आहे. जरा साफ करून फ्रेमसाठी काढून द्या." सोलापुरात नवी पेठेजवळच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात असं काम महिन्यातून एखादं तरी येतं. या "साफ करून"मध्ये दोन कामं एकमेकांत मिसळलेली असतात. कागद, खडू, कॅमेरा यांनी चित्रात जे आणलं ते काढणं म्हणजे साफ करणं. पोराच्या हातानं जे केलं ते बदलणं म्हणजे सुधारणं. संगणकावर दोन्ही कामं त्याच त्या बटणांनी होतात, म्हणून साफ करताना आपण सुधारायला कधी लागलो ते कळतच नाही.

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपल्यावर आठवड्याभरात आलेलं एक काम सांगतो. पाच वर्षांच्या मुलीनं A4 कागदावर तीच यात्रा काढली होती. तीन नंदीध्वज, म्हणजे यात्रेत पेलतात त्या उंच काठ्या, तिन्ही सापासारख्या वळलेल्या. खाली पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस, त्याचे हात पायांच्या दुप्पट लांब. आजींना 12 × 18 इंचांची फ्रेम हवी होती.

आधी त्यांच्या मुलानं मोबाईलवरून फोटो पाठवला. त्यात माणसाचं डोकं भलंमोठं आणि पाय चिमुकले दिसत होते. मला वाटलं, पोरीनंच तसं काढलंय. मूळ कागद हातात आला तेव्हा डोकं अगदी बेताचं निघालं. फोटो काढताना मोबाईल कागदाच्या वरच्या टोकाकडे कललेला होता, म्हणून जवळचा भाग फुगला आणि लांबचा आक्रसला. ही चूक कॅमेऱ्याची, ती काढायलाच हवी. लांब हात मात्र पोरीचे. एवढी उंच काठी धरायची तर हात लांबच लागणार, तिचा हिशोब चोख आहे! दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर चित्राकडे बघू नका, कागदाच्या कडा बघा. समोरासमोरच्या कडा एका बाजूला जवळ येत असतील तर वाकडेपणा फोटोतला आहे. कडा समांतर असूनही माणूस वाकडा असेल तर तो तसाच काढलेला आहे.

म्हणून फोटो बाजूला ठेवला आणि सपाट काचेच्या स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन केलं. 300 ला A4 ची रुंदी 2480 पिक्सेल मिळते. तीच 12 इंचांवर पसरली की इंचाला जेमतेम 207 उरतात आणि खडूचा दाणा विरघळल्यासारखा दिसतो. कागदामागे काळा कागद लावला, म्हणजे पाठीमागचं लिखाण उमटत नाही.

पुढे फोटो एडिटरमधलं Levels, म्हणजे उजळपणा जुळवणं. कागदाचा करडेपणा घालवायला पांढऱ्याचा बाण आत सरकवतात, आणि पहिला बळी जातो पिवळ्या खडूचा. फिका पिवळा कागदाच्या इतका जवळ असतो की कागद शुभ्र होईपर्यंत तो गायब झालेला असतो. पिवळ्यावर नजर ठेवून बाण सरकवावा आणि कागद थोडा मळकट राहिला तर राहू द्यावा.

खरी फसगत झाली ती यानंतर. रेघा धारदार हव्यात म्हणून मी इंकस्केपमध्ये Trace Bitmap चालवलं, ते स्कॅनमधून आपोआप आकार गिरवून देतं. त्यात Speckles नावाची सोय आहे, ती बारीक ठिपके कचरा समजून गाळते. स्क्रीनवर चित्र एकदम स्वच्छ झालं, मी खूश. आजी नातीला घेऊन बघायला आल्या, तर पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्षता कुठायत?" कागद पुन्हा काढला. नंदीध्वजांच्या वर पिवळ्या खडूचे बारीक बारीक ठिपके होते. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा होता तो. मी तो खडूचा चुरा समजून झाडून टाकला होता.

तेव्हापासून ठिपके एकगठ्ठा गाळत नाही. स्कॅन मोठं करून बघतो. दाबून टेकवलेल्या ठिपक्याच्या मध्यभागी मेण दाट असतं. रंगवताना पडलेला चुरा रेघेच्या आसपास कुठेही विखुरतो, त्याच्या मध्ये तसा दाब नसतो. तरीही शंका उरली तर चित्रकाराला विचारायचं, ती बहुतेक वेळा समोर लिमलेटची गोळी चघळत उभी असते.

आता रेघ. मेणखडूच्या रेघेत दोन प्रकारचा वाकडेपणा एकावर एक बसलेला असतो. एक काठावरचा खरबरीतपणा. कागदाच्या उंचवट्यावर मेण लागतं, खळग्यात लागत नाही, त्यानं तो होतो. दुसरं रेघेचं वळण: हात कुठे थांबला, कुठे घाईनं वळला, डोक्याचा गोल मिटवताना टोक कसं पुढे निघून गेलं. पहिला कागदाचा, दुसरं पोरीचं. Trace Bitmap ला हा भेद कळत नाही. शिवाय ते रेघेला रेघ म्हणून पाहत नाही, दोन काठ असलेला आकार म्हणून पाहतं. त्यामुळे नोड, म्हणजे आकाराला वळवणारे बिंदू, हजारांत जातात. मग ते कमी करायला माणूस Simplify म्हणजे Ctrl+L दाबतो. ते भराभर दाबत गेलं की दर वेळी जास्त जोरानं घासतं, दोन्ही काठ वेगवेगळे गुळगुळीत होतात. काठी कुठे जाड, कुठे बारीक होते आणि मुख्य म्हणजे वळणं बोथट होतात. खरबरीतपणा घालवायला गेलो आणि हातच पुसला गेला.

काही जण नंतर फिल्टर लावून रेघेला कृत्रिम लाटा आणतात. त्या लगेच ओळखू येतात, कारण त्या सगळीकडे सारख्याच असतात. पोराची रेघ सुरुवातीला बिचकते, मध्ये सुसाट जाते आणि वळणावर अडखळते.

मी शेवटी ट्रेसिंग टाकून दिलं. स्कॅन खालच्या लेयरवर ठेवून कुलूप लावलं आणि वर पेन टूलनं रेघेच्या मधोमध हातानं गिरवलं. नोड फक्त तिचा हात जिथे वळला तिथेच. मधल्या काठीला अकरा नोड पुरले. डोक्याचा गोल जिथे मिटला नव्हता तिथे उघडाच ठेवला. रेघेची जाडी मूळ खडूइतकी, टोकं गोल. स्टायलसनं गिरवत असाल तर रेघ गुळगुळीत करणारा Stabilizer बंद किंवा अगदी कमी ठेवा, नाहीतर तो वळणं वाटेतच खातो. रंग मात्र मी भरले नाहीत. साफ केलेलं स्कॅनच रेघांवर Multiply करून टाकलं, म्हणजे त्याचा पांढरा भाग पारदर्शक होतो आणि रंग तेवढे उमटतात, त्यामुळे रेघेबाहेर गेलेला लाल खडू आणि मधले पांढरे दाणे तिच्याच हातचे राहिले. बरोबर बसलंय का, हे बघायला रेघांची लेयर पटापट बंद-चालू करायची. एखादा भाग जागचा हलल्यासारखा वाटला, तर तिथे आपण सुधारलेलं असतं.

आजी म्हणाल्याच, "दादा, काठ्या तेवढ्या सरळ करा की." करता आल्या असत्या, दोन मिनिटांचं काम. मी त्यांना विचारलं, पेलताना डोलते तेव्हा काठी सरळ दिसते का? आजींनी हसून मान हलवली.

राहिली फ्रेम. प्रमाण बिघडायची शेवटची जागा हीच, आणि इथे कुणाचं लक्ष नसतं. A4 ची उंची रुंदीच्या 1.414 पट, 12 × 18 ची दीड पट. छापताना फ्रेम भरायला चित्र उभं ताणलं तर सगळं सुमारे 6 टक्के उंच होतं. माणूस बारीक दिसतो आणि इतक्या कष्टानं राखलेली वळणं ताठ होतात. रुंदी 12 इंच धरली की चित्राची उंची 17 इंच येते. उरलेला इंच मी वर-खाली अर्धा-अर्धा सोडला आणि तिथे कागदाचाच मळकट पांढरा रंग भरला.